शिल्लक काढली म्हणजे खाते बंद झाले असे नव्हे

प्रश्न : बचत खाते बंद करून शिल्लक दुसऱ्या बँकेत वळवायची आहे. अर्जात काय लिहावे आणि नंतर काय तपासावे?

अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. आईच्या आणि माझ्या संयुक्त खात्यात मी हीच चूक केली. "पैसे वळवले की खाते आपोआप संपते, अर्ज कशाला?" असे दादाने ठामपणे सांगितले आणि मी ते ऐकले.

पासबुकात 48,312 रुपये होते. तेवढ्याच रकमेचा चेक मी नव्या खात्यात भरला, तो 25 ऑगस्टला वटला, आणि खाते बंद करण्याचे शाखेत तोंडी सांगून मी घरी आलो. नव्या खात्यात नेमके 48,312 रुपये जमा झालेले पाहून समाधान वाटले, वास्तविक शंका तिथेच यायला हवी होती. बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेनुसार व्याज मोजले जाते आणि खाते खरोखर बंद होते तेव्हा त्या दिवसापर्यंतचे व्याज मिळवूनच रक्कम दिली जाते. आमचे 1 जुलैपासूनचे, 3 टक्के दराने सुमारे 218 रुपयांचे व्याज आलेच नव्हते, म्हणजे खाते चालूच होते. ते व्याज सप्टेंबरअखेर जमा झाले. 5 ऑक्टोबरला आईच्या विम्याचा हप्ता त्याच खात्यावर आला, शिल्लक अपुरी म्हणून परत गेला, आणि करासह 295 रुपयांचे शुल्क लागले. व्याज संपून वर 77 रुपये देणे निघाले. दादा आजही याला बँकेची चूक म्हणतो. माझ्या मते चूक आमचीच होती, कारण दाखवायला आमच्याकडे एकही कागद नव्हता.

दुसऱ्यांदा मी अर्जात एवढेच लिहिले : "आमचे वरील बचत खाते कायमचे बंद करावे, आजपर्यंतचे व्याज मिळवून संपूर्ण शिल्लक खालील खात्यात वर्ग करावी आणि खाते बंद केल्याचे लेखी कळवावे." खाली नव्या खात्याचा क्रमांक व आयएफएससी कोड दिला, त्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडला आणि उरलेले कोरे चेक, डेबिट कार्ड व पासबुक परत केले. विम्याचा हप्ता मात्र आधी नव्या खात्यावर नेला आणि तिथून तो एकदा कापला गेल्यावरच अर्ज दिला.

नंतर बंद होण्याच्या तारखेपर्यंतचा खातेउतारा मागा. त्यात शेवटी व्याजाची नोंद, मग रक्कम वर्ग झाल्याची नोंद आणि शिल्लक शून्य दिसली पाहिजे. रक्कम नव्या खात्यात पोहोचली नसेल, तर शाखेकडून यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घेऊन नव्या बँकेत चौकशी करा. आधारशी जोडलेले अनुदान जुन्या खात्यात येत असेल, तर ती जोडणीही नव्या बँकेत बदलून घ्या.

एक सांगायचे राहिले : संयुक्त खात्यातून एकाच्या सहीने पैसे काढता येत असले, तरी खाते बंद करण्याच्या अर्जावर साधारणपणे सर्व खातेदारांच्या सह्या लागतात. एखादा खातेदार हयात नसेल, तर हा अर्ज चालत नाही. आधी मृत्यूचा दाखला देऊन त्याची नोंद करावी लागते.