संमुख कोन ‘पूरक’ म्हणजे नव्वद की एकशेऐंशी?

प्रश्न: “मुलगी दहावीला आहे. पुस्तकात लिहिलंय चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात, आणि हिंदी व्हिडिओत पूरक म्हणजे बेरीज 90. मग बरोबर काय? आणि ‘चक्रीय’ का म्हणायचं?”

दोन्ही बरोबर, भाषा वेगळ्या. मराठीत 180 बेरीज असली की पूरक कोन आणि 90 असली की कोटिकोन. हिंदीत मात्र 90 ला पूरक म्हणतात आणि 180 ला संपूरक. शब्द तोच, अर्थ वेगळा, त्यामुळे मराठी माध्यमाच्या पोरांची इथे हमखास गल्लत होते आणि मला त्यांचं खरंच वाईट वाटतं.

चक्र म्हणजे इथे वर्तुळ, फिरण्याबिरण्याचा संबंध नाही, चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असले की चौकोन चक्रीय. त्रिकोणाला कोणी चक्रीय म्हणत नाही कारण कुठल्याही त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंतून वर्तुळ जातंच, चौथा बिंदू त्याच वर्तुळावर पडेल याची खात्री नसते म्हणून हे विशेषण लागतं. समोरासमोरचे दोन कोन मिळून अख्खं वर्तुळ, म्हणजे 360 चे कंस पकडतात, आणि वर्तुळावरचा कोन कंसाच्या निम्मा, म्हणून बेरीज 180. चौथा बिंदू वर्तुळाच्या आत सरकला तर त्याच्यापाशी असलेला कोन आणि त्याच्या समोरचा कोन यांची बेरीज 180 पेक्षा वाढते, बाहेर गेला तर कमी होते, म्हणून उलटंही खरं, बेरीज 180 भरली तर चौकोन चक्रीयच. हाच व्यत्यास, आणि चक्रीय सिद्ध करताना कारण म्हणून हाच लिहायचा, मूळ प्रमेय नाही.

आता मुलीला एक आकृती काढायला सांगा. लघुकोन त्रिकोण ABC, कोन A 60, B 50, C 70. B मधून AC वर लंब BE, C मधून AB वर लंब CF, दोघं H मध्ये छेदतात. चौकोन AFHE मध्ये F आणि E समोरासमोर आहेत, 90 अधिक 90, झालं, चक्रीय. म्हणून कोन FHE 120.

पण BCEF बघा, तिथेही E आणि F पाशी काटकोनच आहेत (कोन BEC आणि कोन BFC) तरी इथे बेरीज करायची नाही! हे दोन्ही बिंदू BC च्या एकाच बाजूला आहेत आणि BC शी सारखेच कोन करतात, म्हणून चक्रीय. एका बाजूला असतील तर कोन समान दाखवायचे, विरुद्ध बाजूंना असतील तर पूरक, बहुतेक मार्क इथेच जातात. आता BCEF चक्रीय ठरला म्हणून कोन BFE आणि कोन C पूरक, म्हणजे BFE 110, आणि त्याच्या शेजारचा AFE 70, बरोब्बर C एवढा. कोनमापकाने मोजून बघू दे तिला.

समलंब चौकोनात समांतर बाजूंमधले लगतचे कोनही पूरक असतात, पण त्यावरून तो चक्रीय ठरत नाही, वाक्यात ‘संमुख’ शब्द आहे तो त्याचसाठी.