उत्तर आलं, पण बरोबर आहे का?

तुझं गणित पाहिलं. चेंडू जमिनीवरून 20 m/s वेगाने, जमिनीशी 30° कोनात; g = 10 m/s². जमिनीवर परत यायची वेळ आली −2 s. वेळ उणे आली की आधी g चं चिन्ह बघ. वरची दिशा धन धरलीस, म्हणजे y = 10t − 5t² हवं; तू अधिक लिहिलंयस. ते बदललं की 2 s मिळतात.

दुसरी चूक जास्त फसवी. sin आणि cos ची अदलाबदल झाली तरी पल्ला 34.6 m च येतो! म्हणून पल्ला जुळला तरी कमाल उंची काढून बघच: खरी 5 m, अदलाबदलीत 15 m. कोन 45° पेक्षा लहान असेल, तर वेगाचा उभा घटक आडव्यापेक्षा लहानच हवा. हवेचा रोध सध्या बाजूला ठेव.