एएसओ वाढलाय: घसा, सांधे आणि एका आकड्याचा अर्थ

मुलगी आठ वर्षांची आहे. रात्री पाय दुखतात म्हणून रक्त तपासलं, एएसओ ४०० आला. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अठरा वर्षांची होईपर्यंत घ्या, असं सांगितलंय. चार झाली. पुढे चालू ठेवायचं का?

तुम्ही पत्रात आणखी जे लिहिलंय, तेच या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. पाय दुखतात ते संध्याकाळी खेळून आल्यावर किंवा मध्यरात्री, दोन्ही पोटऱ्यांत. दाबून दिले की ती झोपते आणि सकाळी उठून शाळेत पळते. सांधा कधी सुजलेला नाही, ताप नाही, लंगडणं नाही. हे वर्णन वाढत्या वयातल्या पायदुखीचं आहे. हे इंजेक्शन ज्यासाठी देतात त्या वाताच्या तापाचं, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदय धरणाऱ्या रुमॅटिक फीव्हरचं, दुखणं असं नसतं. त्यात गुडघा, घोटा, कोपर यांसारखा मोठा सांधा सुजतो, गरम होतो आणि इतका ठणकतो की मूल त्यावर पांघरुणाचाही भार सहन करत नाही. दोन-चार दिवसांत तो उतरतो आणि दुसरा सांधा धरतो.

मग ४०० कशामुळे? घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू शिरले की ते स्ट्रेप्टोलायसिन ओ हे विष सोडतात आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. एएसओ म्हणजे त्या प्रतिपिंडांचं माप. संसर्गानंतर साधारण आठवड्याने ते वाढू लागतं, तीन ते पाच आठवड्यांत सर्वांत वर जातं आणि मग कित्येक महिने हळूहळू उतरतं. शाळेत जाणाऱ्या मुलांना हा संसर्ग वरचेवर होतो, त्यामुळे ठणठणीत मुलांतही वाढलेला एएसओ सापडतो. तुमच्या मुलीच्या रक्ताने एवढंच सांगितलं की मागच्या काही महिन्यांत कधीतरी हे जंतू तिच्या घशात येऊन गेले. पायदुखीशी त्याचा संबंध आहे, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

रुमॅटिक फीव्हरचं निदान जोन्स निकषांवर होतं. त्यात मुख्य खुणा वेगळ्या आहेत: हृदयाला सूज, सांध्यांची सूज, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, अंगावरची विशिष्ट कडी आणि त्वचेखालच्या गाठी. आपल्याकडे हा आजार जास्त असल्यामुळे अनेक मोठे सांधे नुसते दुखणंही मुख्य खूण धरतात, पण त्यामागे दुसरं कारण नाही याची खात्री झाल्यावरच. यांतल्या दोन मुख्य खुणा हव्यात, किंवा एक मुख्य आणि दोन गौण (ताप, वाढलेला ईएसआर वा सीआरपी, ईसीजीतला ठरावीक बदल). एएसओ या दोन्ही याद्यांत नाही. खुणा जुळल्यावर, आधी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला होता याचा पुरावा म्हणून तो बघतात.

तरीही इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा बाल-हृदयरोगतज्ज्ञ यांच्याकडे फाइल घेऊन जा आणि थेट विचारा, ‘निदान कोणत्या खुणांवर केलंय?’ त्यांनी हृदयाचे ठोके ऐकावेत, एकदा टूडी इको करावा. खुणा नसतील तर ते स्वतःच बंद करतील. हे मी तळमळीने लिहितोय, कारण नुसत्या आकड्यावर वर्षानुवर्षं कुल्ल्यात सुई घेणारी मुलं मी पाहिली आहेत. एका नऊ वर्षांच्या मुलाला चौदा महिने इंजेक्शन चालू होतं; इंजेक्शनच्या तारखेच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे आणि शाळेत खेळाच्या तासाला त्याला बसवून ठेवत. इको स्वच्छ होता, सांधा कधी सुजलेला नव्हता. उलट, ज्याला खरंच रुमॅटिक फीव्हर होऊन गेलाय, त्याचं हेच इंजेक्शन एकदाही चुकता कामा नये, कारण दर नव्या संसर्गाने हृदयाच्या झडपा आणखी बिघडू शकतात. त्याचा एएसओ नॉर्मल झाला तरी ते चालूच राहतं.

मुलाचा घसा सारखा धरतो. एएसओ ६२० होता, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी ५८० आहे. तिसरा कोर्स द्यावा का?

आकडा उतरवण्यासाठी तर नकोच. औषध जंतू मारतं, पण आधीच तयार झालेली प्रतिपिंडं रक्तातून सावकाशच जातात. शिवाय घसा आज दुखतोय तो कशाने, हे एएसओ सांगू शकत नाही. आजचा संसर्ग त्यात दिसायला आठवडा जायला हवा. त्यासाठी दुखणं चालू असताना घशाचा स्वॅब घ्यावा लागतो. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा व्हायरस आहे. अचानक ताप, गिळताना दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकला मुळीच नाही, असं असेल तर स्ट्रेप्टोकोकसची शंका घ्यावी. स्वॅबमध्ये तो सापडला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बाटली फ्रिजच्या दारात ठेवून देऊ नका. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी रुमॅटिक फीव्हर टाळता येतो, म्हणून स्वॅबसाठी एक-दोन दिवस थांबायला हरकत नाही.

एका लॅबने ‘२००’ दिलं, दुसरीने आठवड्याने ‘३१०’. वाढतोय का?

त्यावरून सांगता येणार नाही. पहिल्या लॅबने बहुधा लॅटेक्स पद्धत वापरली असेल. काळ्या काचपट्टीवर रक्तद्रवाचा एक थेंब, त्यात दुधासारखा पांढरा लॅटेक्सचा थेंब, मग पट्टी दोन मिनिटं हलवायची आणि दाणे दिसतात का ते पाहायचं. दाणे दिसले तर रक्तद्रव निम्मा-निम्मा पातळ करत जायचं. त्यामुळे उत्तर २००, ४००, ८०० अशा पायऱ्यांतच येतं. ३१० हा यंत्राने मोजलेला आकडा आहे. वाढ पाहायचीच असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. छापलेली २०० ची मर्यादाही बऱ्याचदा मोठ्यांची असते. शालेय मुलांत ती याहून वर असते.

दहा वर्षांच्या भाच्याचा गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर घोटा सुजला. ताप आहे. एएसओ नॉर्मल आला, म्हणजे वाताचा ताप नाही ना?

नाही असं म्हणता येत नाही, आणि या पानावरचं हेच पत्र मला सर्वांत जास्त काळजीचं वाटतं. रुमॅटिक फीव्हर असलेल्या साधारण पाचांपैकी एका मुलात एएसओ वाढलेला मिळत नाही. अशा वेळी अँटी-डीएनेज बी ही दुसरी तपासणी करतात आणि दोन आठवड्यांनी एएसओ पुन्हा पाहतात. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली तर संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी सुरू होऊ शकतात. तोवर आकडा उतरून गेलेला असतो.

भाच्याला आजच दाखवा. ईसीजी, सीआरपी आणि इको लागेल; हृदयाची सूज कधीकधी ठोक्यांत ऐकू येत नाही, इकोतच दिसते. डॉक्टरांनी तपासेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. त्याने सूज झपाट्याने उतरते, मग एका सांध्यावरून दुसऱ्यावर जाणारं दुखणं दिसतच नाही आणि निदान हुकतं. तोवर पॅरासिटामॉल चालेल. सांधा कधी, कोणता सुजला हे तारखेसह लिहून न्या, सुजलेल्या घोट्याचा फोटो काढून ठेवा. मूल फिकट दिसत असेल, किंवा दुखणं सांध्यात नसून हाडात असेल, तर रक्तपेशींची तपासणीही करायला सांगा, कारण ल्युकेमियाही सुरुवातीला असा दिसू शकतो. धाप लागत असेल तर थेट रुग्णालय गाठा.