लांब राईडनंतर येणारा बधिरपणा: आधी सीट बघ

मित्रा, दादरहून घोडबंदरपर्यंत सायकलने जाताना तासाभरात लिंग बधिर झालं, असं तू लिहिलंस. लाजू नकोस, हे बऱ्याच जणांना होतं. पण अंगवळणी पडेल म्हणून सोडूनही देऊ नकोस.

वजन बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवं. ते सीटच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर आलं की गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या मधल्या भागातली नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तुझ्या फोटोत सीटचं नाक वर आहे आणि हँडल बरंच खाली. त्यामुळे कंबर पुढे झुकते आणि सगळा भार नेमका तिथेच येतो.

आधी सीट सपाट कर, मग नाक एक-दोन अंशच खाली. जास्त केलंस तर पुढे घसरशील आणि हात दुखतील. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे, थोडी उतरव. हँडलही जरा वर घे. एका वेळी एकच बदल कर, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

जाड जेलचं कव्हर मात्र घेऊ नकोस. हाडं त्यात रुततात आणि मधला फुगवटा उलट वर दाबतो. त्यापेक्षा नालीदार पुठ्ठ्यावर बसून दोन खळग्यांमधलं अंतर मोज. सीट त्याहून साधारण दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवी.

दर दहा मिनिटांनी पेडलवर उभा राहा. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा लघवीला वा ताठरतेला त्रास झाला, तर सायकल बंद ठेवून यूरॉलॉजिस्टला दाखव.