वह्या, पेनं आणि वाटपाची कार्यक्षमता

प्रश्न: "कुणाचं नुकसान केल्याशिवाय कुणाचाच फायदा होऊ शकत नाही" अशी स्थिती म्हणजे कार्यक्षम वाटप, असं पुस्तकात आहे. वस्तूंच्या साध्या अदलाबदलीतून हे कुणी समजावेल का?

दोन माणसं घेऊ, अ आणि ब. एकूण १२ वह्या आणि १२ पेनं आहेत. अ कडे १० वह्या नि २ पेनं, ब कडे २ वह्या नि १० पेनं. दोघांनाही दोन्ही वस्तू हव्यात. कुणाचं समाधान किती हे ठरवायला मी एक सोपं माप वापरतो: जवळच्या वह्या गुणिले जवळची पेनं. म्हणजे सुरुवातीला दोघंही २० वर आहेत.

आता अ ला विचारा, "एका पेनासाठी जास्तीत जास्त किती वह्या देशील?" तीन दिल्या तरी त्याच्याकडे ७ वह्या आणि ३ पेनं उरतात, गुणाकार २१. चार दिल्या तर १८, म्हणजे तोटा. तेव्हा तो तीनपर्यंत जाईल. ब ला विचारा, "एक पेन द्यायला कमीत कमी किती वह्या घेशील?" त्याला एकच पुरे, कारण ३ वह्या आणि ९ पेनं म्हणजे २७. एक तीन द्यायला तयार, दुसरा एकीवर खूश. अ द्यायला तयार असलेला आकडा ब मागतो त्याहून मोठा आहे तोवर वाटप कार्यक्षम नाही, कारण दोघांचाही फायदा होईल असा सौदा अजून शिल्लक आहे.

एकास एक अशी अदलाबदल सुरू करा. दोघंही २० वरून २७, मग ३२, ३५ आणि चौथ्या अदलाबदलीनंतर ३६ वर येतात. प्रत्येकाकडे ६ वह्या, ६ पेनं. इथे तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा. आता एका पेनासाठी अ एक वहीसुद्धा देणार नाही (५ गुणिले ७ म्हणजे ३५), आणि ब ला एका पेनाबदल्यात दोन वह्या लागतील. भूमिका उलट केल्या तरी तेच. सौदा संपला. इथून अ ला वर न्यायचं तर ब ला खाली ढकलावंच लागेल. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो याच्या नावाने हीच कसोटी ओळखली जाते.

गोंधळ होतो तो इथून पुढे. अशी स्थिती एकच नसते. समजा अ घासाघीस करण्यात पटाईत आहे आणि पहिल्याच वहीला तीन पेनं मागतो. अ ४५ वर, ब जेमतेम २१ वर. तरीही ब चा फायदाच झाला. त्यानंतर एकास एक अशा दोन अदलाबदली होतात आणि अ कडे ७-७, ब कडे ५-५ उरतात: ४९ आणि २५. इथेही पुढचा सौदा नाही, त्यामुळे हेही वाटप कार्यक्षमच. पहिल्याच सौद्यातल्या दराने कुणाला किती मिळालं ते बदललं, कार्यक्षमता नाही.

आणखी टोकाचं बघा. अ कडे ११-११, ब कडे १-१. हेही कार्यक्षम आहे. पण सुरुवातीच्या स्थितीतून इथे यायचं तर ब २० वरून १ वर घसरतो, म्हणजे तो राजीखुशीने इथे येणारच नाही. "कार्यक्षम स्थितीत जाणं म्हणजे सगळ्यांचं भलं" हे गृहीत धरणं ही परीक्षेतली नेहमीची चूक. सुरुवात अकार्यक्षम आणि शेवट कार्यक्षम असला, तरी मधल्या मध्ये कुणीतरी बुडालेला असू शकतो.

दोघांचे आकडे बेरजेत घ्यायचा मोहही टाळा. दोघांकडे ६-६ असताना बेरीज ७२, ७-७ आणि ५-५ ला ७४, ११-११ आणि १-१ ला १२२, आणि सगळं एकालाच दिलं तर १४४! बेरीज जास्त म्हणून ते वाटप बरं, असं त्यातून निघत नाही. अ चे ४९ आणि ब चे २५ हे एकाच फूटपट्टीवरचे आकडे नव्हेतच. प्रत्येकाचा आकडा फक्त त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडायचा. न्याय्य काय हा वेगळा प्रश्न, आणि ही कसोटी त्यावर मुद्दामच गप्प राहते.

एक बारकावा राहिला. वर मी अख्ख्या वह्या-पेनांचाच विचार केला. अ कडे ६ वह्या, ५ पेनं आणि ब कडे ६ वह्या, ७ पेनं असतील, तर एकास एक अदलाबदलीने कुणाचंच काही हलत नाही: ३० चे ३०, ४२ चे ४२. पण वस्तू पीठ-तेलासारख्या मोजून देता येणाऱ्या असत्या, तर अर्ध्याला अर्धं देऊन अ ३०.२५ आणि ब ४२.२५ वर गेला असता. म्हणजे तेच वाटप अख्ख्या नगांत कार्यक्षम आणि सुट्या मापात अकार्यक्षम. पुस्तकातली "दोघांचे बदलीचे दर समान हवेत", म्हणजे एका वस्तूच्या थोड्याशा मापासाठी दुसरी किती द्यायला तयार हे दोघांचं सारखं हवं, ही अट सुट्या मापासाठी आहे. नगांचं गणित आलं की ती न लावता वरचे दोन प्रश्नच विचारा.