व्हॉइस आर्टिस्टला पत्र: ओळी नकोत, शब्द मोजा

प्रश्न: फोंड्यात आम्ही एक छोटा मराठी गेम करतोय. तीन पात्रांसाठी एका फ्रीलान्स व्हॉइस आर्टिस्टला पत्र पाठवलं: "२४० ओळी, एकूण ८,००० रुपये, आठ दिवसांत हवं." उत्तरच आलं नाही. दर कमी पडला का?

उत्तर: दर कमी की जास्त, हे त्या पत्रावरून तिला ठरवताच येणार नाही. "थांब!" ही एक ओळ आणि राजाचं चाळीस शब्दांचं भाषणही एकच ओळ. ओळीला सरासरी ६ शब्द धरले तर १,४४० शब्द होतात, म्हणजे शब्दाला साधारण साडेपाच रुपये. २५ धरले तर ६,००० शब्द, आणि दर येतो सव्वा रुपयाच्या आसपास. हे आकडे फक्त हिशेबासाठी, बाजारभाव म्हणून घेऊ नका. पात्रांची नावं आणि सूचना वगळून फक्त बोलायचे शब्द मोजा, ते पात्रागणिक लिहा आणि दोन-तीन पानं नमुन्याला जोडा. किंचाळणं, मारामारी यांच्या ओळी वेगळ्या दाखवा. गळा बसतो म्हणून त्या शेवटी घेतात, आणि खूप असतील तर वेगळा दिवस लागतो.

खरी गोची रीटेकची. पणजीतल्या एका स्टुडिओने (नाव घेत नाही) फाइली हातात पडल्यावर संवाद बदलले आणि ते "रीटेक" म्हणून फुकट करून मागितले. पत्रात त्याबद्दल अवाक्षर नसल्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. उच्चार चुकला, आवाजात खरखर आली, तर दुरुस्ती कलाकाराने विनामूल्य करावी. संहिता बदलली किंवा "आता जरा रागात हवं" असं सुचलं, तर ते नवं काम. मी वकील नाही, पण एवढं तरी लिहाच; इथे ओळीला सरासरी १२ शब्द निघाले असं धरलंय:

"तीन पात्रे, एकूण २,८८० शब्द, प्रत्येक ओळीचे दोन टेक. मानधन ... रुपये, टीडीएस धरून. निम्मे आगाऊ, उरलेले फाइली मिळाल्यापासून १५ दिवसांत. कलाकाराच्या चुकीची दुरुस्ती विनामूल्य. मंजूर संहितेतील बदलास दर शब्दामागे ... रुपये. वापर फक्त या गेमपुरता, जाहिरातीसाठी वेगळा करार. फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह. प्रत्येक ओळ स्वतंत्र, नाव RAJA_012.wav याप्रमाणे."

मुदत "आठ दिवस" अशी नको. अंतिम संहिता हाती पडल्यापासून किती दिवस, ते लिहा, कारण उशीर बहुधा संहितेलाच होतो. मिनिटाला १२० शब्द धरले तर २,८८० शब्द २४ मिनिटांत संपतात, म्हणून लोकांना हे काम तासाभराचं वाटतं. दोन टेक, पात्रबदल आणि अडखळणं धरलं की माइकसमोर अर्धा दिवस सहज जातो. त्यानंतर २४० फाइली कापून नावं द्यायची ती वेगळीच. ती घरून रेकॉर्ड करणार असेल तर जून ते सप्टेंबर मुदत सैल ठेवा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना स्वच्छ टेक मिळत नाही, आणि तो आवाज मागाहून काढायला गेलात तर संवादही विद्रूप होतो. चवथीच्या आठवड्यात तर मुदत ठेवूच नका.

जाता जाता: गावांच्या आणि पात्रांच्या नावांचे उच्चार मोबाइलवर बोलून पाठवा, निम्मे रीटेक तिथेच वाचतात.