मफलरच्या कडा का वळतात?

प्रश्न: एक ओळ सुलट, एक उलट असा मफलर विणतेय. कडा सारख्या आत गुंडाळतात. इस्त्री केली तर राहतील का सपाट?

उत्तर: नाही राहणार. चूक तुमच्या हाताची नाही, विणीचीच आहे. प्रत्येक टाक्यात धागा वाकवलेला असतो आणि तो सरळ व्हायला बघतो. या विणीत सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून बसतात, त्यामुळे ओढही एकाच बाजूची. म्हणून उभ्या कडा मागे वळतात, खालची-वरची पुढे.

खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, टाचण्या लावून वाळवा. वळण कमी होईल, पण वापरात परत येईल. स्वेटरच्या भागांना एवढं पुरतं, कारण कडा शिवणीत जातात. अ‍ॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री टेकवू नका, वीण कायमची लुळी पडते.

चाळीस टाक्यांचा मफलर असेल तर दोन्ही कडांचे पाच-पाच टाके दोन्ही बाजूंनी सुलटच विणा, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या आठ ओळी पूर्ण सुलट. तिथे पुढची-मागची ओढ एकमेकींना तोलते. एक-दोन टाक्यांची किनार पुरत नाही, तीही सोबत गुंडाळते. वीतभरच झालं असेल तर सरळ उसवा.